शीटमध्ये नाव आहे तरी एन्क्वायरी सुटते? या चुका टाळा

आमच्या मामांचा युनिफॉर्मचा धंदा आहे, सोलापुरात असे शेकड्याने आहेत म्हणा, आणि शाळांच्या एन्क्वायऱ्या फेब्रुवारीपासून ज्या सुरू होतात त्या मे संपेपर्यंत थांबत नाहीत. कोणी व्हॉट्सॲपवर फोटो टाकतं, कोणी फोन करतं, कोणी थेट दुकानात येऊन कापड चाचपून जातं. आधी सगळं वहीत होतं, मग मी गूगल शीट केली. आणि तरी मागच्या वर्षी एक चांगली ऑर्डर गेली. वहीमुळे नाही, शीटमुळेच गेली, म्हणून हे लिहितोय.

झालं असं. लातूरकडच्या एका शाळेला ६४० सेट हवे होते, शर्ट-पँट आणि स्कर्ट मिळून. सॅम्पल कुरिअर केलं, सर म्हणाले कमिटीची मीटिंग आहे, ५ एप्रिलला फोन करा. मी 'पुढची तारीख' या कॉलममध्ये 05/04/2025 टाकलं आणि निवांत झालो, कारण शीटमध्ये फॉर्म्युला होता, तारीख आली की 'आज फोन' असं दाखवणारा. ५ एप्रिलला काहीच दिसलं नाही. ४ मे ला दिसलं, तोही रविवार, म्हणजे सोमवारी बघितलं. फोन केला तर सर म्हणाले, "अहो, तुमचा फोनच नाही आला, आम्ही कापड ठरवलं पण." मामा मला म्हणाले, "तुझ्या त्या शीटला काय पगार देतो का मी?" आता काय बोलणार.

चूक कुठं होती ते शोधायला अर्धा दिवस गेला. आमच्या शीटचं लोकेल, म्हणजे देशाची सेटिंग, अमेरिकेचं होतं, तिकडं आधी महिना मग दिवस, म्हणून शीटनं 05/04 म्हणजे ४ मे धरलं. आणि सेलमध्ये दिसतंय काय, तर 05/04/2025, अगदी बरोबर वाटणारं. डोळ्यानं पकडताच येत नाही हे.

याच्यापेक्षा वाईट दुसरा प्रकार. 25/04/2025 टाकलं की शीटला पंचविसावा महिना सापडत नाही, मग ती त्याला तारीख धरतच नाही, साधा मजकूर म्हणून ठेवून देते. आणि मजकुराची आजच्या तारखेशी तुलना केली की मजकूर कायम मोठा ठरतो, म्हणजे ती तारीख तिच्या दृष्टीनं कधी उजाडतच नाही. ती एन्क्वायरी कधीच 'आज फोन' मध्ये येणार नाही. गंमत म्हणजे सेल रिकामा सोडला असता तर शीटनं तो शून्य धरला असता आणि निदान लगेच दाखवला तरी असता. आमच्याकडं कारखान्यातल्या पोरानं एका ठिकाणी तारखेऐवजी 'गड्ड्यानंतर' लिहून ठेवलं होतं. माणसाला कळतं की सिद्धेश्वरांची यात्रा झाल्यावर, शीटला काय कळतंय!

ओळखायचं कसं, तर तुम्ही अलाइनमेंट बदलली नसेल तर खरी तारीख सेलमध्ये उजवीकडं चिकटते आणि मजकूर डावीकडं. कॉलम वरून खाली नुसता बघितला तरी डावीकडं सरकलेले सेल दिसतात. पण ५ एप्रिलची ४ मे झालेली अशी सापडत नाही, तीही उजवीकडंच असते. त्यासाठी अख्ख्या कॉलमला महिना अक्षरात दाखवणारा फॉरमॅट द्या, Format > Number > Custom date and time मध्ये. तिथं 05-Apr-2025 असं दिसलं पाहिजे. 04-May दिसलं की कळलं.

दुरुस्ती लॅपटॉपवरनं करा. File > Settings मध्ये Locale ला India निवडा. पण एवढ्यानं जुन्या तारखा सुधारत नाहीत हं, ४ मे धरलेली ४ मेच राहते, फक्त पुढं टाकाल त्या नीट बसतात. जुन्या चालू एन्क्वायऱ्यांच्या तारखा हातानं परत टाकाव्या लागतात. आमच्या ७० च्या आसपास होत्या, मामांसमोर बसून टाकल्या, चहा दोनदा झाला.

मग फॉर्म्युला बदलला. आमच्याकडं B मध्ये शाळेचं नाव, F मध्ये स्टेज, H मध्ये पुढची तारीख आहे, I मध्ये हे:

```
=IF(B2="","",IF(OR(F2="ऑर्डर",F2="गेलं"),"",IF(NOT(ISNUMBER(H2)),"तारीख बघा",IF(H2<=TODAY(),"आज फोन",""))))
```

म्हणजे ऑर्डर झाली किंवा हातची गेली तर गप्प, बाकी सगळ्यांना खरी तारीख पाहिजेच. रिकामं असो, 'गड्ड्यानंतर' असो, 'तारीख बघा' येणार. मात्र खरी पण चुकीची तारीख हा फॉर्म्युला पकडत नाही, तिला महिना अक्षरातच पाहिजे.

आता स्टेजचं. सुरुवातीला मी हॉट, वॉर्म, कोल्ड असलं ठेवलं होतं, कुठंतरी बघून. मामांना प्रत्येक शाळा हॉटच वाटते, त्यामुळे त्याचा काही उपयोग नाही. स्टेज अशी पाहिजे की दोन माणसांनी बघितलं तरी एकच उत्तर येईल. आम्ही ठेवल्या त्या अशा: नवीन, माप-रंग कळले, सॅम्पल गेलं, सॅम्पल बघितलं, रेट ठरतोय, ऑर्डर, गेलं. यातली 'सॅम्पल गेलं' आणि 'सॅम्पल बघितलं' ही फोड मला सगळ्यात कामाची वाटते. आपण कुरिअर केलं की आपल्याला वाटतं काम झालं, पण तो डबा शाळेच्या ऑफिसात शिपायाच्या कपाटात तसाच पडलेला असतो. म्हणून 'सॅम्पल गेलं' ला पुढची तारीख चार दिवसांनंतरची, आणि त्या फोनवर एकच प्रश्न, "सर, डबा उघडला का?" उघडला म्हटलं की मगच पुढची स्टेज.

स्टेज हातानं टाइप करू नका, Data > Data validation मधून ड्रॉपडाऊन लावा आणि Reject the input निवडा. नाहीतर कोणी 'ऑर्डर' पुढं एक स्पेस देतं आणि फॉर्म्युलाला तो वेगळाच शब्द वाटतो, मग ऑर्डर दिलेल्या माणसाला आपण परत "काय ठरलं सर?" विचारतो. हे आमच्याकडं झालंय, सर हसले म्हणून बरं. दुसऱ्या ठिकाणाहून कॉपी-पेस्ट केलं तरी ड्रॉपडाऊन उडतो, पेस्ट करायचंच असेल तर Values only नं करा.

अजून एक. नावावरून लावताना एकटा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट केला की नावं हलतात आणि बाकीचं जागेवर राहतं, म्हणजे एका शाळेचं नाव आणि दुसऱ्याच शाळेची तारीख. असं झालं तर घाबरून हातानं जुळवत बसू नका, File > Version history मध्ये जाऊन सॉर्टच्या आधीची शीट परत आणा. आणि पुढच्या वेळी सॉर्टच्या ऐवजी फिल्टर लावून I मधलं 'आज फोन' आणि 'तारीख बघा' एवढंच उघडा. मामा आता सकाळी दुकान उघडलं की मोबाईलवर तेवढंच बघतात, आणि 'तारीख बघा' दिसलं की मला फोन येतो.