लॅपरोस्कोपिक पित्ताशयाची ऑपरेशन नोट: या चुका टाळा

समजा, सुरगाण्याची ४६ वर्षांची बाई नाशिकला येऊन दुर्बिणीतून पित्ताशय काढून घेते आणि दुसऱ्या दिवशी घरी जाते. चौथ्या दिवशी पोट दुखू लागतं, डोळे पिवळे दिसतात. गावाजवळचे डॉक्टर फाईल उघडतात तर नोट एवढीच: ‘पित्ताशय काढले. रक्तस्राव नाही. काउंट बरोबर.’ नळीला इजा झाली, क्लिप सुटली की खडा खाली सरकला, यातलं काहीच त्यांना ठरवता येत नाही. अशा नोटा बहुधा जुन्या नोटेत फक्त नाव आणि तारीख बदलून तयार होतात.

फाइंडिंग्जमध्ये सोनोग्राफी उतरवणे

‘अनेक खडे, भिंत जाड’ हे सोनोग्राफीला आधीच दिसलं होतं. इथे कॅमेऱ्याला काय दिसलं ते हवं. उदाहरणार्थ: ‘पित्ताशय ताणलेले, ओमेंटम चिकटलेले, हार्टमन पाउचमध्ये खडा अडकलेला, कॅलॉट त्रिकोणात सूज, सिस्टिक डक्ट आखूड आणि रुंद. यकृत व उरलेले पोट नॉर्मल.’ पकड बसत नव्हती म्हणून सुईने पित्त ओढून घेतलं असेल तर तेही लिहा.

‘डक्ट व आर्टरी क्लिप करून कापली’

सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. मोठ्या इजा बहुतेक वेळा कॉमन बाईल डक्टलाच सिस्टिक डक्ट समजल्यामुळे होतात, आणि ती चूक करणाऱ्यालाही त्या क्षणी रचना स्पष्टच वाटत असते. म्हणून ‘ॲनाटॉमी स्पष्ट’ या शब्दांना अर्थ नाही. स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या क्रिटिकल व्ह्यूच्या तिन्ही अटी वेगवेगळ्या लिहा: त्रिकोणातली चरबी व तंतू पूर्ण साफ केले, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सोडवला, पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना उरल्या. हे क्लिप लावण्याआधी दिसलं, असंही नोंदवा आणि तेव्हाचा फोटो फाईलला लावा.

तिन्ही अटी जमल्या नसतील तर ‘व्ह्यू मिळाला’ असं लिहू नका. तिथे थांबून काय केलं ते लिहा: वरिष्ठांना बोलावलं, सबटोटल केलं की पोट उघडलं. सबटोटल केलं असेल तर किती भाग मागे ठेवला आणि तोंड शिवलं की उघडं ठेवलं, हे पुढच्या सर्जनला लागतंच.

डक्टच्या राहणाऱ्या टोकावर किती क्लिप बसल्या तेही हवं. डक्ट रुंद असेल तर साधी क्लिप पूर्ण आरपार बसत नाही. लूप बांधला असेल तर तो लिहा. पित्ताशय फुटून खडे सांडले आणि एखादा सापडला नाही, तर तेही दडवू नका. पुढे कधी तिथे गळू झालं तर स्कॅनवर ते गाठीसारखं दिसू शकतं.

काउंट आधीच छापलेला असणे

‘दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये काय राहणार?’ असं वाटतं, पण यकृताच्या जागेतून रक्त झिरपलं की १० मिमी पोर्टमधून गॉझ आत जातोच. सिस्टर मोठ्याने सांगतील तो आकडा नोटेत यावा: सुरुवातीला, पोर्ट बंद करण्याआधी आणि त्वचा शिवताना. ‘गॉझ १०, आत १, बाहेर १, शेवटी १०, सुया २, शेवटी २.’ पोट उघडावं लागलं तर वाढवलेले मॉप वेगळे मोजा.

आकडा जुळला नाही तर यकृताखाली, आतड्यांच्या मागे, ड्रेपमध्ये, बादलीत आणि पित्ताशयाच्या पिशवीत शोधा. तरीही मिळाला नाही तर टेबलावरच एक्स-रे घ्या. एक्स-रेवर दिसणारा धागा नसलेला गॉझ त्यात सापडणार नाही, म्हणून तसा गॉझ पोटात जाऊच देऊ नये. न जुळलेला काउंट आणि त्यावर केलेलं काम, दोन्ही लिहा.

‘आधीचेच औषध चालू’

रात्रपाळीच्या सिस्टरला यातून काहीच कळत नाही. औषध, डोस आणि वेळ लिहा: ५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या, यकृत ठीक असलेल्या प्रौढाला पॅरासिटामॉल १ ग्रॅम, दर ८ तासांनी. पाणी कधी, उठवायचं कधी, अँटिबायोटिक पुढे द्यायचं की थांबवायचं, हेही लिहा; सूज किंवा संसर्ग नसलेल्या साध्या केसमध्ये ते सहसा पुढे लागत नाही. मग कधी कळवायचं ते: नाडी १०० च्या वर टिकली, ताप आला, ड्रेनमध्ये पित्त दिसलं, किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं. खांदा दुखणं गॅसमुळे असू शकतं, पण पोट दुखत राहिलेल्या पेशंटला तेच कारण देऊन झोपवू नये. पित्ताशय पॅथॉलॉजीला पाठवलं का आणि रिपोर्ट कोण बघणार, हेही इथेच येतं.

आता त्या बाईच्या फाईलमध्ये ‘तिन्ही अटी पूर्ण, हार्टमनमध्ये खडा, डक्ट रुंद, लूप बांधला’ एवढं असतं, तर सरकलेल्या खड्याचा संशय आधी आला असता. इजा आणि गळती तरीही मनात ठेवून त्या डॉक्टरांनी लिव्हर टेस्ट व सोनोग्राफी करून तिला त्याच दिवशी एमआरसीपीसाठी नाशिकला पाठवलं असतं.