मेनूचा फोटो आणि ‘काय मागवू?’ एवढाच मेसेज: या चुका टाळा

कोल्हापुरात राहणाऱ्या प्रत्येकाला असा मेसेज येतोच. अंबाबाईचं दर्शन झालेलं असतं, पाहुणे एखाद्या खानावळीत टेकलेले असतात, मेनूकार्डाचा फोटो येतो आणि खाली दोन शब्द: ‘काय मागवू?’ कुणाला काय चालत नाही, कोण शाकाहारी, खर्च किती करायचा, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. तिकडे वेटर वही घेऊन उभा असतो.

अशा मेसेजला उत्तर देताना मी स्वतः दोन्ही टोकांच्या चुका केल्या आहेत.

गप्प आहेत म्हणजे सगळं चालतं, असं धरणं

काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीला मी बेधडक लिहिलं, ‘मुलांना पांढरा रस्सा दे, तिखट नसतो.’ तिची मोठी मुलगी मांस खात नाही, हे मला माहीत नव्हतं. कार्डावर नुसतं ‘पांढरा रस्सा’ छापलेलं, त्यात मटण हा शब्द कुठेच नाही. नारळाच्या दुधातली भाजी असावी असं समजून मुलीने अर्धी वाटी प्यायली आणि मग तिला कळलं. ती रडली. चूक सर्वस्वी माझी होती.

आपल्याकडे पांढरा काय आणि तांबडा काय, दोन्ही मटण शिजवलेल्या पाण्यावर, म्हणजे अळणीवर होतात हे आपण गृहीत धरतो. बाहेरच्या माणसाला ते नावावरून कळत नाही. पांढऱ्यात काजू, खसखस, तीळ आणि नारळाचं दूध असतं. तांबड्याच्या वाटणातही तीळ-खोबरं असतं. काजू किंवा तीळ सोसत नाहीत अशा माणसाला कार्ड वाचून याचा पत्ता लागणार नाही. ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांची माहिती मेनूवर देण्याचा नियम मोठ्या साखळी हॉटेलांसाठी आहे. आपल्या खानावळीच्या कार्डावर ती सापडत नाही.

अंडा थाळीचंही असंच आहे. अंडं खाणाऱ्या पण मांस न खाणाऱ्या माणसाला ती सोयीची वाटते, पण बऱ्याच ठिकाणी सोबतचा रस्सा मटणाचाच असतो. शाकाहारी थाळी घेतली तरी भाजीत आणि खर्ड्यात शेंगदाण्याचा कूट असू शकतो, हे शेंगदाणे न चालणाऱ्यांना सांगावं लागतं.

घाबरून प्रश्नांची यादी पाठवणं

त्या प्रसंगानंतर मी उलट टोकाला गेले. फोटो आला की विचारायची: शाकाहारी कोण, उपवास कुणाचा, ॲलर्जी आहे का, तिखट किती चालतं, बजेट किती? पाच प्रश्नांना उत्तर येईपर्यंत दहा मिनिटं जायची आणि तोवर त्यांनी वेटरच्या सांगण्यावरून काहीतरी मागवलेलं असायचं. विचारणाऱ्याला आपला निर्णय हवा असतो. अट असली तर बहुतेक जण ती आधीच सांगतात. न सांगितलेल्या अटी आपणच कल्पून सगळ्यांना वरण-भात सुचवला, तर कोल्हापुरात येऊन त्यांना हवं ते मिळालंच नाही. ‘महाग पडेल’ असं मनाशी ठरवून सगळ्यात स्वस्त थाळी सुचवणं ही त्याचीच दुसरी बाजू.

आता मी आधी निवड सांगते आणि त्याच मेसेजात त्या पदार्थांत दडलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिते. ज्याला अडचण आहे तो लगेच सांगतो, बाकीचे मागवून मोकळे होतात.

गेल्या एका रविवारचं उदाहरण देते. मावसभाऊ कराडहून आला होता. दुपारी दीडच्या सुमाराला फोटो आला, ‘ताई, काय मागवू? चौघं आहोत.’ कार्डावर मटण थाळी 380, चिकन थाळी 260, अंडा थाळी 170, शाकाहारी थाळी 160, सोलकढी 40. तळाला बारीक अक्षरांत ‘थाळी शेअर करता येणार नाही’ आणि ‘कर वेगळा’. या दोन ओळी वाचल्या नाहीत तर सगळा हिशेब चुकतो. तीन थाळ्यांत चौघं भागतील, असं मी एरवी सांगितलं असतं.

मी लिहिलं:

‘दोन मटण, एक चिकन, एक अंडा थाळी आणि चार सोलकढी घे. 1,350 होतील, कर धरून 1,420च्या आत. दोन्ही रस्से मटणाच्या पाण्यातले असतात, अंड्याबरोबरचाही बहुधा तोच. पांढऱ्यात काजू आणि तीळ असतात. कुणाला चालत नसेल तर त्याची थाळी शाकाहारी कर.’

चार वेगवेगळ्या माणसांबद्दल काहीच माहीत नसताना चारही मटण थाळ्या मी सांगत नाही. अंदाज चुकला तर चारही ताटं चुकतात. मिसळून मागवलं की एखादी थाळी बदलून काम भागतं. बजेट विचारत नाही, पण एकूण आकडा लिहिते. तो जास्त वाटला तर समोरचा स्वतःच ‘मटण एकच चालेल’ म्हणतो आणि ‘किती खर्च करणार?’ हा अवघड प्रश्न कुणाला विचारावा लागत नाही. साध्या हॉटेलात कर 5 टक्के धरला की पुरतं.

दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘हिचा जोतिबाचा रविवार असतो.’ अंडा थाळीच्या जागी शाकाहारी झाली, बिल दहा रुपयांनी कमी. वार बघायला मी विसरले होते. आपल्याकडे कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाची चतुर्थी, आणि श्रावणात तर अर्धं घर पाळतं. माणूस शाकाहारी नसतो म्हणून तो तसं सांगत नाही, फक्त त्या दिवशी खात नसतो. म्हणून आता फोटो उघडण्याआधी कॅलेंडर बघते आणि असा दिवस असेल तर एकच प्रश्न विचारते: ‘आज सगळे खाणार ना?’ उत्तरावर सगळी ऑर्डर फिरणार असेल, तर तेवढा एक प्रश्न विचारायला हरकत नाही.

फोटोत नाही ते कार्डावरच नाही, असं समजणं

शाकाहारी पदार्थ बऱ्याचदा मागच्या पानावर असतात आणि फोटो पुढच्याच पानाचा येतो. पदार्थांची नावं अर्धवट कापली गेली असतील, एका बाजूला चमक आली असेल किंवा हाफ आणि फुलचे रकाने एकमेकांत मिसळले असतील, तर अंदाजाने दर वाचू नका. ‘मागचं पान पाठव’ एवढं लिहा. सुक्क्याचा हाफचा दर फुलचा म्हणून वाचला, तर बिल हातात आल्यावरच कळतं.

आणि उत्तरात कुणी ‘मुलाला काजूची ॲलर्जी आहे’ असं लिहिलं, तर फोटोवरून ‘हे चालेल’ असं मी कधीच सांगत नाही. पांढऱ्याचा डाव दुसऱ्या भांड्यात बुडतो का, वाटण एकाच मिक्सरमध्ये होतं का, हे स्वयंपाकघरातल्यांनाच माहीत असतं. तेव्हा मी लिहिते, ‘आचाऱ्याला स्वतः विचार, वेटरवर सोडू नकोस. त्यालाही नक्की सांगता आलं नाही, तर मुलाला साधा भात, दही आणि केळं दे.’