चित्रपटातल्या एका प्रसंगावरचं सादरीकरण: वर्गासाठी प्रश्न काढताना या चुका टाळा

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे उत्तर आधीच पोटात घेऊन आलेला प्रश्न. ‘इथे संगीताने दुःख कसं गडद केलं आहे?’ असं विचारलं की वर्गाला प्रसंग नीट ऐकायची गरजच उरत नाही.

‘पथेर पांचाली’वरच्या (१९५५) एका सादरीकरणात एका गटाने नेमकं हेच विचारलं. मुलगी वारल्याचं ठाऊक नसलेला हरिहर गावी परततो, पत्नी सर्वजयेपुढे एकेक वस्तू ठेवतो, आणि मुलीसाठी आणलेली साडी पुढे येताच सर्वजया कोसळते. वर्गातून उत्तरं आली: ‘करुण संगीत’, ‘हृदयस्पर्शी’. मी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला, या वेळी सगळ्यांनी पडद्याकडे पाठ करून. संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, ती रडतेय, पण तिचा आवाजच नाहीये.” बरोबर. सत्यजित राय यांनी तिचा आक्रोश ऐकूच येऊ दिला नाही, त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा सूर ठेवला. गटाने प्रसंग अनेकदा पाहिला होता, पण चित्र आणि ध्वनी कायम एकत्र. मग प्रश्न बदलला: ‘तिचं तोंड उघडं असताना आपल्याला काय ऐकू येतं? तिथे तिचा खरा आवाज असता तर काय बदललं असतं?’ पुढचा सगळा तास या दोन वाक्यांवर चालला.

म्हणून माझी सवय अशी: प्रसंग एकदा आवाज बंद करून, एकदा फक्त ऐकून, आणि मगच एकत्र. घाईतली मुलं पहिल्या दोन फेऱ्या गाळतात, आणि ते त्यांच्या प्रश्नांत लगेच दिसतं.

दुसरी चूक परिभाषेच्या तक्त्यावरून अर्थ उचलण्याची. ‘लो अँगल म्हणजे सत्ता’ हे समीकरण मला सहन होत नाही. कॅमेरा जमिनीवर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असेल, तर उभा माणूस खालूनच दिसणार. तो मुलाला दरारा वाटणारा आहे की आधार देणारा, हे प्रसंगच सांगेल. आधी विचारा: ही उंची कोणाच्या डोळ्यांची? आणि ती कोणत्या शॉटला बदलते?

संकलनावर ‘किती कट आहेत?’ एवढंच विचारू नका. मोजा जरूर, पण प्रश्न सर्वांत लांब शॉटवर काढा: इथे कट कुठे घेता आला असता, आणि तो का टाळला? पुढच्या शॉटचा आवाज आधीच सुरू होतो का, तेही तपासा. चित्राचा आणि ध्वनीचा कट एकाच क्षणी पडतो असं नाही.

‘दिग्दर्शकाला काय सांगायचं आहे?’ हा प्रश्न सरळ खोडा.

एका प्रश्नात कॅमेरा, संकलन, ध्वनी तिन्ही कोंबू नका, वर्ग फक्त सोप्या भागाचं उत्तर देतो. आणि प्रत्येक प्रश्नापुढे मिनिट-सेकंद लिहून ठेवा, म्हणजे कोणी हरकत घेतली की तोच तुकडा लगेच लावता येतो.