ऋतूंचा पाठ: ग्लोबचा आस भिंतीवरच्या खुणेकडे ठेवा

इयत्ता सहावी-सातवीला टॉर्च आणि ग्लोब घेऊन ऋतू शिकवताना ग्लोब टॉर्चभोवती नेणाऱ्या मुलाच्या हातात तो नकळत वळतो, उत्तर ध्रुव सतत टॉर्चकडेच झुकलेला राहतो आणि ऋतू बदलतच नाहीत. त्यासाठी एका भिंतीवर कागदी चांदणी चिकटवून तिला ध्रुवतारा म्हणावे.

१. अंधाऱ्या वर्गात मधोमध स्टुलावर टॉर्च ग्लोबच्या मध्याइतक्या उंचीवर धरावा. धरणाऱ्याने ग्लोबच्या दिशेने वळत राहावे.

२. चांदणीच्या विरुद्ध बाजूस २१ जून आणि चांदणीकडच्या बाजूस २२ डिसेंबर असे खडूने लिहावे. दोन्ही ठिकाणी आसाचे वरचे टोक चांदणीकडेच हवे.

३. नागपूरवर टिकली लावून प्रत्येक ठिकाणी ग्लोब सावकाश एकदा फिरवावा आणि टिकली किती वेळ उजेडात राहते ते मुलांना मोजू द्यावे. जूनमध्ये ती जास्त वेळ उजळते. उत्तर ध्रुव तर अंधारात जातच नाही.

दोन्ही ठिकाणी टॉर्चपासूनचे अंतर दोरीने मोजून सारखेच ठेवावे, नाहीतर सूर्य जवळ आल्याने उन्हाळा होतो, ही चुकीची समजूत मुलांच्या मनात पक्की होते.