मॉनिटरचं फर्मवेअर अपडेट करताय? या चुका टाळा

मे महिन्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका मित्राचा फोन आला. तो टॉवेलची डिझाइनं करतो. "लॅपटॉप स्लीपमधून उठतोय, पण मॉनिटर उठतच नाही बघ. दरवेळी टाइप-सीची वायर काढून परत लावायची." कंपनीच्या साइटवर नवं फर्मवेअर, म्हणजे मॉनिटरच्या आत बसून त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, दिसत होतं आणि ते टाकायला त्याचे हात शिवशिवत होते.

मी आधी दोन गोष्टी करायला लावल्या. एक, वायर बदल. दुसरी, त्या फर्मवेअरसोबतची बदलांची यादी वाच. वायर बदलून फरक पडला नाही, आणि यादीत स्लीपनंतर चित्र न येण्याचा दोष दुरुस्त केल्याचं लिहिलेलं होतं. म्हणजे अपडेट करण्यात अर्थ होता. स्क्रीनवर उभी रेघ असेल, पिक्सेल मेला असेल, कोपऱ्यातून उजेड फुटत असेल, तर फर्मवेअर काही करत नाही. तो पॅनेलचा दोष. आणि मॉनिटर नीट चालत असेल तर उगाच हात लावू नये.

खरी चूक पुढे झाली. चित्र, डेटा आणि लॅपटॉपचं चार्जिंग, तिन्ही त्याच एका वायरीतून. अपडेटमध्ये मॉनिटर मध्येच रीस्टार्ट होतो, तेव्हा स्क्रीन काळी होते आणि चार्जिंगही थांबू शकतं. याच्या लॅपटॉपची बॅटरी होती ९ टक्के. लॅपटॉप बंद पडला आणि फर्मवेअरची फाइल मॉनिटरमध्ये अर्धीच गेली. लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर लावून, स्लीप बंद करून, मधे हब न ठेवता वायर थेट लावली असती तर एवढ्यावर आलंच नसतं.

वीज गेली तरी हेच होतं. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साध्या मोडवर तो बॅटरीवर यायला जो क्षण घेतो, तेवढ्यात मॉनिटर बंद पडू शकतो. कॉम्प्युटरचा यूपीएस लावा.

काही मॉनिटर वायरऐवजी पेन ड्राइव्हवरून अपडेट होतात. तिथे बहुतेकदा FAT32 फॉरमॅट लागतो आणि फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये न टाकता बाहेरच ठेवायची. नाव बदललं किंवा झिप तशीच ठेवली तर मेनूत फाइल दिसत नाही. मग लोक म्हणतात पोर्ट गेला!

मित्राची स्क्रीन काळीच, पण पॉवरचा दिवा लागत होता. अशा वेळी लगेच प्लग उपटू नका, कंपनीने दिलेला वेळ होऊ द्या. तो उलटल्यावर आम्ही मॉनिटरचा प्लग काढून पाच मिनिटं ठेवला. चार्जर लावून लॅपटॉप चालू केला, तीच वायर जोडली आणि अपडेटचं सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. त्याला मॉनिटर सापडला, कारण फाइल घेणारा मूळ भाग शाबूत होता. तो सापडलाच नसता, तर सर्व्हिस सेंटरला नेऊन बोर्डवर फर्मवेअर भरून घ्यावं लागलं असतं, नाहीतर बोर्डच बदलावा लागला असता.

दुसऱ्या खेपेला अपडेट पूर्ण झालं. त्याने जुळवलेले रंग मात्र पुसले गेले. मेनूतल्या आकड्यांचा फोटो काढून ठेवायला आम्ही दोघंही विसरलो होतो.