एमआरचा, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हचा रेझ्युमे लिहायला बसण्याआधी हे आकडे काढून ठेव

गेल्या आठवड्यात आमच्याच लाइनमधल्या एका पोराने रेझ्युमे पाठवला, नाशिक हेडक्वार्टर, साडेतीन वर्षं डायबेटिस-कार्डियाक डिव्हिजनमध्ये. पहिल्याच पानावर लिहिलेलं, 180 डॉक्टर, रोजचा कॉल ॲव्हरेज 11, आणि खाली 40 कोअर डॉक्टरांना महिन्याला 3 व्हिजिट, 80 जणांना 2, बाकी 60 ना 1. मी फोन लावला, म्हटलं बाळा गुणाकार कर, हे 340 कॉल होतात, आणि फिल्डचे दिवस 24 धरले तर 11 च्या हिशोबाने 264 च्या वर जात नाही, मग उरलेले कॉल कोणी केले? समोर एरिया मॅनेजर बसलेला असतो, तो हाच हिशोब मनातल्या मनात करतो आणि गप्प बसतो.

म्हणून पहिलं काम, डीसीआर म्हणजे रोजच्या कॉलचा रिपोर्ट उघडून मागच्या तीन महिन्यांचे खरे कॉल मोज. त्याने मोजले तेव्हा लिस्टमधले चाळीसेक डॉक्टर नुसते नावालाच निघाले, कोणी प्रॅक्टिस बंद केलेली तर कोणी गाव सोडलेलं. उरले 140, त्यातल्या 30 ना 3 व्हिजिट, 60 ना 2, 50 ना 1, म्हणजे 260 कॉल. आता बसलं गणित. त्याच ओळीत टेरिटरी पण नीट लिही, नुसतं नाशिक लिहून कळत नाही. निफाड-सिन्नर एक्स-स्टेशन म्हणजे जाऊन-येऊन, मालेगाव आउटस्टेशन म्हणजे मुक्कामाचं, महिन्यात नाइट हॉल्ट किती, आणि डॉक्टरांमध्ये फिजिशियन किती, जीपी किती. डॉक्टरांची नावं मात्र अजिबात टाकू नकोस.

दुसरं टार्गेट, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. त्याने लिहिलेलं, वर्षाचं टार्गेट 72 लाख, ॲचिव्हमेंट 76 लाख, म्हणजे साधारण 105.5 टक्के. विचारलं हे प्रायमरी का सेकंडरी, तर प्रायमरी. म्हणजे कंपनीने स्टॉकिस्टला बिलिंग केलेला आकडा, मार्च एंडला हातापाया पडून माल ढकलला की तो फुगतोच, आपण सगळ्यांनीच केलंय ते. खरी विक्री म्हणजे स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे गेलेला माल. मग स्टॉकिस्टची स्टेटमेंट काढायला लावली. वर्षाच्या सुरुवातीला 8 लाखांचा स्टॉक पडून होता, त्यात 76 आले, शेवटी 14 उरले, म्हणजे सेकंडरी 70 लाख (एक्सपायरी रिटर्न त्याच्याकडे जवळपास नव्हतं, तुझ्याकडे असेल तर तेही वजा कर). 97 टक्के. तो नाराज झाला, पण महिन्याला पावणेसहा लाखांची सेकंडरी आणि 14 लाखांचा क्लोजिंग म्हणजे जवळजवळ अडीच महिन्यांचा माल तुंबलेला, हे पुढच्या माणसाला पहिल्या दोन प्रश्नांत कळतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही, प्रायमरी 76, सेकंडरी 70.

लॉन्चचं लिहिताना "यशस्वी लॉन्च केला" एवढंच नको. मार्च 2025 मध्ये डायबेटिसच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि एकाच वेळी ढिगाने ब्रँड उतरले, तेव्हा ज्याला त्याला लॉन्च होताच. सांगायचं ते हे की पहिल्या तीन महिन्यांत किती डॉक्टरांनी लिहिलं आणि त्यातल्या किती जणांनी पुढच्या महिन्यातही लिहिलं. याच्या वहीत आरसीपीएच्या, म्हणजे कोणता डॉक्टर काय लिहितो याच्या नोंदी होत्या, केमिस्टच्या काउंटरवर उभं राहून घेतलेल्या, त्यातून आलं की 18 डॉक्टरांनी सुरुवात केली, 11 टिकले. तेच लिहिलं. सात जण का सुटले ते विचारतील, त्याचं उत्तर तयार ठेव, याच्या बाबतीत निफाड साइडला चार दुकानांत मालच पोचला नव्हता.

कंप्लायन्सची ओळ बहुतेक जण टाकतच नाहीत, किंवा मग "डॉक्टर रिलेशन मजबूत" लिहून त्यात ट्रिप-गिफ्टचा वास येतो, तो काढ. मार्च 2024 पासून यूसीपीएमपी, म्हणजे औषध कंपन्यांच्या मार्केटिंगचा सरकारी कोड, नव्याने आला आहे, डॉक्टरांना गिफ्ट नाही, आणि सॅम्पलचं म्हणाल तर एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षाला 12 पॅकच, तेही एका पॅकमध्ये जास्तीत जास्त तीन पेशंटना उपचाराच्या ठरलेल्या कोर्सला पुरेल एवढंच. सॅम्पलचा हिशोब तू डॉक्टरवाइज ठेवत असशील तर तसं सरळ लिही, एका ओळीत. ट्रेनिंग झालं असेल तर वर्ष टाक. ठेवत नसशील तर लिहू नकोस, कारण पुढचा प्रश्न असतो की सॅम्पल संपले आणि डॉक्टर मागतायत, तर काय केलंस.

आणि हो, स्टॉकिस्टची स्टेटमेंट किंवा डॉक्टर लिस्ट मोबाइलवर उघडून इंटरव्ह्यूत दाखवायची नाही. आकडे डायरीत उतरवून घे आणि तोंडी सांग, कागद जुन्या कंपनीचा आहे.