जुन्या वर्तमानपत्रांतून व्याकरण शिकताय? माझ्या भाच्याने केलेल्या या चुका टाळा

माझा भाचा अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरी तीन एकर कोरडवाहू जमीन आणि कापूस. लिपिकाच्या परीक्षेची जाहिरात निघाली तेव्हा त्याच्याकडे व्याकरणाचं एकच फाटकं पुस्तक होतं, तेही निम्मं. पण घरात वर्तमानपत्रं मात्र ढीगभर. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी अंथरलेली जुनी, आणि वाण्याच्या दुकानातून पाच-दहा रुपयांना किलो-दीड किलो आणलेली ताजी रद्दी. पुस्तकातला नियम वाचायचा आणि त्याचं उदाहरण पेपरात शोधून पेन्सिलीनं खूण करायची, ही त्याची पद्धत. पद्धत चांगलीच होती. तरी पहिल्या परीक्षेत मराठीच्या 25 पैकी 13 प्रश्न बरोबर आले. दुसऱ्या वेळी 22 आले आणि नाव यादीत लागलं. मधल्या काळात आम्ही दोघांनी बसून ते चुकलेले 12 प्रश्न उकलले. त्यातले बहुतेक अभ्यास न केल्यामुळे चुकलेले नव्हतेच. पेपरातून चुकीचा धडा घेतल्यामुळे चुकले होते.

पेपर कोणत्या काळातला, ते आधी बघा

पहिली चूक त्या पेटीतल्या पेपरांची. ते 1956-57 चे होते. जळगाव जिल्ह्याला तेव्हा पूर्व खानदेश म्हणत, आणि बातम्यांत तसंच छापलेलं होतं. पोराला फार आवडले ते. त्यात "नाहीं", "कांहीं", "पांच", "गांव", "तेथें" असं सगळं टिंबांनी भरलेलं. त्याचा समज असा झाला की जुनं ते शुद्ध, आणि आजकालचे लोक आळसानं टिंबं गाळतात. परीक्षेत शुद्ध शब्द ओळखायला "काही" आणि "कांही" समोर आले, तेव्हा त्यानं टिंबाचा निवडला.

खरं कारण वेगळं आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनानं 1962 साली मान्य केले, आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे व्युत्पत्तीपुरते अनुस्वार तेव्हा गेले. 1972 मध्ये आणखी काही नियमांची भर पडली. परीक्षेत हेच नियम धरतात. म्हणून पेपराची तारीख फाटलेली असली तरी एक साधी ओळख ठेवा: पानावर "नाहीं" किंवा "कांहीं" दिसलं की ते पान शुद्धलेखनासाठी बाजूला काढायचं. समास, म्हणी, वाक्प्रचार शोधायला ते चालेल.

इथे उलटी चूकही होते, आणि ती त्यानं लगेच केली. टिंबं गेली म्हटल्यावर तो सरसकट टिंबं पुसायला लागला. जुन्या पेपरात एका घरात असलं तरी "घरांत" लिहीत. आज "घरात" म्हणजे एका घरात, आणि "घरांत" म्हणजे अनेक घरांत. अनेकवचनाचं ते टिंब राहिलंच आहे: मुलाने आणि मुलांनी, शेतकऱ्याला आणि शेतकऱ्यांना. टिंब काढण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, वस्तू एक आहे की अनेक.

(आता कोणी म्हणेल, तुम्ही स्वतः "केलं", "होतं" लिहिताय. हो, बोलण्यासारखं लिहिताना ते टिंब नियमात बसतं. उत्तरपत्रिकेत मात्र "केले", "होते" बरं.)

"निवडणूक" आणि "निवडणुकीत": छपाईची चूक समजू नका

पेपरात रोज दिसणारा हा शब्द. मथळ्यात "निवडणूक", खाली बातमीत "निवडणुकीत". भाच्यानं बातमीतल्या प्रत्येक "णु"वर गोल करून ठेवले होते, वर "ऊ हवा" अशी नोंद. मी म्हटलं, एवढ्या चुका एकाच पेपरात? तर म्हणे, "मामा, त्यासले समजत नही." त्यांना समजतं. समजत याला नव्हतं.

शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ असतो: पीक, दूध, मजूर, वकील, निवडणूक. प्रत्यय लागला की शब्द लांबतो आणि तो स्वर ऱ्हस्व होतो: पिकाला, दुधाचे, मजुरांना, वकिलाने, निवडणुकीत. मिरवणूक, वाहतूक, फसवणूक यांचंही तसंच. कापूस तर आणखी पुढे जातो, तिथे उकारच नाहीसा होतो: कापसाचे भाव. हे आपल्याकडे लहान पोरालाही तोंडपाठ असतं, फक्त हा नियम आहे हे माहीत नसतं.

नियम कळल्यावर पुढच्याच आठवड्यात वहीत "परिक्षेत" आणि "शरिरात" आलं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला जुमानत नाहीत. परीक्षा-परीक्षेत, शरीर-शरीरात हे दीर्घच राहतात, आणि मंदिर-मंदिरात, विष-विषाचे, गुण-गुणांची हे पहिल्यापासून ऱ्हस्व. यांची वेगळी यादी करावी लागते, दुसरा मार्ग नाही. त्यानं चाळीसेक शब्द गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवले होते.

"ने" दिसला की कर्मणी म्हणू नका

सगळ्यात जास्त गुण गेले ते प्रयोगात. त्याचा आडाखा असा होता: कर्त्याला "ने" किंवा "नी" लागला की कर्मणी, नाही लागला की कर्तरी, आणि कर्माला "ला" दिसला की भावे. यातला प्रत्येक तुकडा अर्धवट आहे.

आम्ही वाळूची बातमी घेतली. गिरणाकाठच्या गावांत अशी बातमी आठवड्याला एक तरी असते. त्यातली चार वाक्यं मी वहीत उतरवली:

पथकाने ट्रॅक्टर जप्त केला.
पोलिसांनी चालकाला ताब्यात घेतले.
पोलिसांनी दोघांना अटक केली.
मालक पळून गेला.

भाच्याचं उत्तर: कर्मणी, भावे, भावे, कर्तरी. तिसरं चुकलं, आणि परीक्षेतही नेमकं तसंच चुकलं होतं.

प्रत्ययाकडे बघायचंच नाही. क्रियापद कोणाच्या मागे चालतं ते बघायचं. आधी कर्ता बदला. "मालक पळून गेला" ऐवजी "मालकीण" लिहिलं की "पळून गेली" करावं लागतं, म्हणजे कर्तरी. तसं होत नसेल तर कर्म बदला. "ट्रॅक्टर जप्त केला", पण "दुचाकी जप्त केली", "वाहने जप्त केली". क्रियापद कर्मामागे धावतंय, म्हणून कर्मणी. दुसऱ्या वाक्यात चालकाच्या जागी चालक बाई आणा, दहा चालक आणा, "ताब्यात घेतले" हलत नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनी जागेवरच बसून राहतं. हा भावे.

आता तिसरं. "दोघांना"च्या जागी "दोघींना" घातलं, तरी "अटक केली"च राहतं. म्हणून पोरगा म्हणाला, बघा, बदलत नाही, भावेच. पण क्रियापद "केली" आहे. भावे असतं तर "केले" असतं. "केली" हे स्त्रीलिंगी रूप कुठून आलं? वाक्यात स्त्रीलिंगी काय आहे ते शोधा: अटक. ती अटक, म्हणून केली. त्या जागी "अटकाव" घाला, लगेच "अटकाव केला" होतं. म्हणजे क्रियापद "अटक" या शब्दामागे चाललंय आणि "दोघांना" हे इथे क्रियापद ज्याच्या मागे चालतं ते कर्मच नाही. प्रयोग कर्मणी. "मंत्र्यांनी शाळेला भेट दिली" हे त्याचंच जुळं भावंड. दुसऱ्या वाक्यात मात्र "ताब्यात" या शब्दाला "त" लागलेला आहे, तिथे क्रियापदाला धरायला काहीच उरत नाही.

म्हणून चाचणीच्या शेवटी एक नजर टाकायची सवय लावा: क्रियापद "ले"मध्ये संपत नसेल, "ला" किंवा "ली" असेल, तर भावे म्हणण्याआधी वाक्यात त्या लिंगाचा शब्द शोधा. तो जवळच लपलेला असतो.

पेपरात जे नसतंच

ही चूक मलाही उशिरा कळली. परीक्षेत "मी पत्र लिहिले" याचा प्रयोग विचारला होता. भाच्यानं कर्तरी लिहिलं, कारण "मी"ला "ने" नाही. पण बदलून बघा: मी चिठ्ठी लिहिली, मी निबंध लिहिला. सरळ कर्मणी. मी, आम्ही, तू, तुम्ही यांना भूतकाळात "ने" दिसत नाही, पण वाक्य त्याच चालीनं चालतं. "तू कविता म्हटलीस" मध्ये तर "म्हटली" कवितेमुळे आणि "स" तू मुळे, म्हणून त्याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात.

आठ महिने पेपर वाचून त्याला अशी वाक्यं भेटली नव्हती, कारण बातमीत "मी" नसतो. पोलीस, मंत्री, शेतकरी, ग्रामस्थ, सगळे तिसरे. मग आम्ही वाचकांच्या पत्रांचा रकाना आणि मुलाखती कापायला लागलो. तिथे "मी अर्ज केला", "आम्ही रस्ता अडवला" असं हवं तेवढं सापडतं.

मथळे तर सरावाला घेऊच नका. "केळी उत्पादक अडचणीत" यात क्रियापदच नाही. "रस्ता बंद करण्यात आला" यात कर्ताच नाही, त्यामुळे कर्ता बदलून बघायची पहिली पायरीच चालत नाही. त्यानं अशा मथळ्यांवर दोन रात्री घालवल्या होत्या.

राहिला ण आणि न. घरात अहिराणी, तिथे पाणीचं पानी होतं आणि शाळेची शाया. कानावर विसंबून लिहिलं की इथे फसतोच. यावर डोळ्यानं वाचण्याशिवाय उपाय नाही, आणि त्या बाबतीत रद्दी कामाला आली.

नेमणुकीचा आदेश आला त्या दिवशी तो तो कागद घेऊन माझ्याकडे आला. पहिल्याच ओळीत "आपली नेमणुक करण्यात येत आहे" असं टंकलेलं होतं. सवयीनं त्यानं खिशातली पेन्सिल काढली, "णु"वर अर्धा गोल केला, आणि मग खोडरबर मागितलं.